लाटेची वाट पाहू नका

मे महिन्यातल्या दुपारी एखाद्या बांधकामावर जा आणि मुकादमाला विचारा, एवढ्या उन्हात माणसं का राबताहेत? उत्तर ठरलेलं असतं. "कुठं लाट जाहीर झालीय?" घरातल्या आजोबांना दुपारी बँकेत जाऊ नका म्हटलं, तर तेही हेच ऐकवतात. टीव्हीवर लाट सांगितली नाही, मग आजचा दिवस नेहमीचाच. या उत्तरावर माणसं विसंबतात आणि त्यात काहींचा जीव जातो. म्हणून लाट म्हणजे नेमकं काय, ती कोण आणि कशावरून ठरवतं, हे एकदा नीट समजून घ्यायला हवं.

भारतीय हवामान विभागाची व्याख्या अवघड नाही. पहिली अट किमान पातळीची. सपाट प्रदेशात कमाल तापमान 40 अंशांना, किनाऱ्यावर 37 अंशांना आणि डोंगराळ भागात 30 अंशांना पोचल्याशिवाय लाटेचा विचारच होत नाही. ती पातळी गाठली की दुसरा प्रश्न येतो: आजचं तापमान या जागेच्या, या दिवसांच्या सरासरीपेक्षा किती वर आहे? साडेचार अंश किंवा त्याहून जास्त वर असेल तर उष्णतेची लाट. फरक 6.4 अंशांच्याही पुढे गेला तर तीव्र लाट. ही सरासरी तीस वर्षांच्या नोंदींची असते. सध्या 1991 ते 2020 हा काळ धरतात. सपाट प्रदेशासाठी आणखी एक थेट मार्ग ठेवलेला आहे. पारा 45 ला पोचला की सरासरी काहीही असो, ती लाट. 47 ला पोचला की तीव्र लाट.

एवढ्यानेही काम भागत नाही. हवामान विभागाने देशाचे 36 उपविभाग केले आहेत. त्यातले चार आपल्या वाट्याला येतात: कोकण व गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ. उपविभागातल्या किमान दोन केंद्रांवर, सलग दोन दिवस ही स्थिती राहिली, तर दुसऱ्या दिवशी लाट जाहीर होते. म्हणजे लाट अधिकृत होते तेव्हा तिचा पहिला दिवस लोकांनी अंगावर काढलेला असतो. पूर्वसूचना त्याआधी येते, जिल्हावार येते, पिवळ्या, नारिंगी, लाल रंगात येते, आणि ती बऱ्याचदा बरोबरही ठरते. हवामान विभागाच्या कामाबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती या व्याख्येचा उपयोग काम चालू ठेवण्याचा परवाना म्हणून करणाऱ्यांबद्दल.

आता ही व्याख्या नागपूरला लावून बघा. मेच्या मध्याला नागपूरचं सरासरी कमाल तापमानच 43 च्या आसपास असतं. त्यावर साडेचार अंश चढवले तर पारा 47 च्या पुढे जायला हवा. एवढं क्वचितच होतं, म्हणून तर 45 चा थेट मार्ग ठेवावा लागला. पण पारा 44 वर आठवडाभर रेंगाळला तर? कागदावर लाट नाही. हातगाडी ओढणारा, डांबर टाकणारा, वीटभट्टीवरची बाई, यांच्यासाठी तो आठवडा नेहमीच्या मे महिन्यात जमा होतो. पुण्यात एप्रिलअखेर सरासरी 38 च्या घरात असते. तिथे 41 ला अंगाची लाही झाली तरी उत्तर 'नाही' असंच. मुंबईत मेची सरासरी 33–34. लाटेला 38 च्या पुढचा आकडा लागतो. उलट फेब्रुवारी 2025 च्या शेवटच्या आठवड्यात मुंबईत पारा 38 च्या वर गेला आणि लाटेचा इशारा आला, कारण फेब्रुवारीची सरासरी खूप खालची आहे.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. या व्याख्येला विचारलेला प्रश्न आहे, 'आजचा दिवस या गावासाठी किती वेगळा आहे?' हवामानशास्त्राला तो विचारावाच लागतो. तो चुकीचा नाही. पण 'आज या माणसाने उन्हात आठ तास घमेली वाहिली तर त्याचं काय होईल?' हा प्रश्न तिला कुणी विचारलेलाच नाही. शरीराला सरासरी कळत नाही. त्याला आतली उष्णता बाहेर टाकता येते की नाही, एवढंच कळतं.

हवामान केंद्राच्या आवारात पांढऱ्या रंगाची, चारी बाजूंनी झडपांची एक लाकडी पेटी उभी असते. जमिनीपासून साधारण चार फूट उंच, दार उत्तरेकडे, म्हणजे ऊन थेट आत शिरू नये. आत तापमापक असतात. त्यातल्या एकाच्या फुग्यावर ओलं मलमलचं फडकं गुंडाळलेलं असतं आणि त्याची वात खालच्या पाण्याच्या भांड्यात सोडलेली असते. हा ओला तापमापक. फडक्यातलं पाणी उडतं, तसा तो गार होतो. हवा जितकी कोरडी तितका जास्त गार. घाम येणारं आपलं शरीर नेमकं हेच करतं. घाम उडाला तर शरीर गार होतं, हवा दमट असेल तर घाम नुसता निथळतो आणि उष्णता आतच राहते. माणसाला किती ऊन सोसेल याचा अंदाज देणारं साधन त्याच पेटीत, कोरड्या तापमापकाच्या शेजारी लटकलेलं आहे. लाटेच्या व्याख्येत मात्र त्याला जागा नाही. 2023 पासून हवामान विभाग उष्णता आणि आर्द्रता एकत्र धरून एक निर्देशांक प्रायोगिक पातळीवर देतो. त्याने लाट ठरत नाही.

हिशेब करून बघू. नागपुरात 44 अंश आणि हवेत आर्द्रता 15 टक्के असेल तर ओला तापमापक साधारण 23 अंश दाखवेल. मुंबईत 35 अंश आणि 60 टक्के आर्द्रता असेल तर तोच तापमापक साडेअठ्ठावीसच्या जवळ जाईल. ओल्या तापमापकाचे 35 अंश ही सोसण्याची मर्यादा, असं पूर्वी पुस्तकात धरत. अमेरिकेत तरुण, धडधाकट माणसांवर प्रत्यक्ष चाचण्या केल्या तेव्हा हलक्या हालचालींतही 31 च्या आसपासच त्यांच्या शरीराचं तापमान आवाक्याबाहेर चढायला लागलं. कष्टाचं काम करणाऱ्याची मर्यादा त्याहून खाली असणार. वयस्कराची तर आणखी खाली. म्हणजे ज्या मुंबईत लाटेचा उल्लेखही होणार नाही, तिथला हमाल शरीराच्या मर्यादेच्या जास्त जवळ उभा असू शकतो. याचा अर्थ नागपूरचं ऊन सौम्य असा नाही. तिथे हवाच त्वचेपेक्षा गरम असल्याने ती शरीराला तापवत राहते, घाम दिसण्याआधी उडून जातो, आणि किती पाणी गेलं ते माणसाला उमगत नाही. दोन्हीकडे धोका आहे, वाटा वेगळ्या.

पेटीतल्या आकड्यात आणखी एक गोष्ट येत नाही: ऊन. तापमापक सावलीत असतो, माणूस नसतो. 16 एप्रिल 2023 ला खारघरच्या मैदानात महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला. लाखोंचा समुदाय तासन्‌तास उघड्यावर बसला होता, डोक्यावर मांडव नव्हता. त्या उन्हाने 14 माणसं दगावली. पारा 38 च्या आसपास असल्याचं सांगितलं गेलं. हा आकडा ऐकून विदर्भातला माणूस पंखाही लावणार नाही. पण किनाऱ्याजवळची दमट हवा, डोक्यावरचं ऊन, गर्दीमुळे बंद झालेला वारा, पहाटेपासूनचा प्रवास आणि पाण्यापर्यंत पोचण्याची अडचण एकत्र आली, की 38 पुरेसे होतात. व्याख्येवर विसंबणाऱ्या प्रत्येक आयोजकाने हा दिवस पाठ करावा.

व्याख्या माणसाकडून सुरू करता येते, हे अहमदाबादने दाखवलं आहे. मे 2010 मध्ये तिथे पारा 46.8 पर्यंत चढला. नंतर अभ्यासकांनी शहरातल्या रोजच्या मृत्यूंच्या नोंदी काढून आधीच्या-नंतरच्या वर्षांतल्या मेशी ताडून पाहिल्या, तेव्हा त्या एका महिन्यात 1,344 मृत्यू जास्तीचे निघाले. त्यातल्या फारच थोड्यांच्या दाखल्यावर उष्माघात लिहिलेला असणार. बाकीचे हृदयविकार, मूत्रपिंड, वार्धक्य या नावांखाली गेले. मग 2013 मध्ये शहराने उष्णता कृती आराखडा केला आणि पातळ्या आपल्या अनुभवावरून ठरवल्या: 41 च्या पुढे पिवळा, 43 च्या पुढे नारिंगी, 45 ला लाल. कोणत्या रंगाला कोणी काय करायचं तेही लिहून ठेवलं. उंबरठा असा ठरवायला हवा. आपल्या गावात कितीला माणसं आजारी पडायला लागतात, हे महापालिकेच्या दवाखान्याच्या आणि स्मशानाच्या वह्यांतून कळतं. या वह्या प्रत्येक गावात आहेत. उघडून बघणारं कुणी हवं.

तोवर कामावर काय करायचं? सगळ्यात आधी नव्या माणसाकडे बघा. उन्हात काम करताना जे मरतात, त्यातले बरेचसे कामाच्या पहिल्या काही दिवसांतच मरतात. अमेरिकी कामगार सुरक्षा यंत्रणेच्या नोंदींत तर जवळपास निम्मे मृत्यू पहिल्याच दिवशीचे आहेत. कारण शरीराला उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. त्या काळात घाम लवकर सुटायला लागतो, त्यातलं मीठ कमी होतं, रक्तातलं पाणी वाढतं. गावाला लग्नासाठी जाऊन पंधरा-वीस दिवस सावलीत काढले की ही कमाई बरीचशी गेलेली असते. म्हणून नव्या गड्याला पहिल्या दिवशी पाचव्या हिश्शाएवढंच काम उन्हात द्यावं आणि रोज तेवढंच वाढवत न्यावं. आठ तासांच्या पाळीत पहिल्या दिवशी दीड तास. जुना, पण सुट्टीवरून आलेला असेल तर निम्म्यापासून सुरुवात करून चौथ्या दिवशी पूर्ण काम. आपल्याकडे होतं उलटं. आलेल्या दिवशीच गड्याला सगळ्यात जड कामावर लावतात, आणि तोही हाजरी बुडू नये म्हणून चक्कर लपवतो.

पाणी तहान लागण्याआधी प्यायचं. दर पंधरा-वीस मिनिटांनी एक ग्लास, म्हणजे तासाला पाऊण ते एक लिटर. दीड लिटरच्या वर जाऊ नये, नाहीतर रक्तातलं मीठ पातळ होऊन दुसराच धोका उभा राहतो. दोन-तीन तासांहून जास्त घाम गाळायचा असेल तर ताक, मीठ घातलेलं लिंबू सरबत किंवा जलसंजीवनी. घरी करायची तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. खिशात कांदा ठेवून काही होत नाही. डोक्याला गुंडाळलेल्या ओल्या दुपट्ट्याने होतं.

पण पाणी प्या म्हणून सांगणाऱ्यांनी एकदा बांधकामावरच्या बायकांशी बोलावं. त्या सकाळपासून मुद्दाम पाणी टाळतात, कारण जायला संडास नसतो. तिथे पाण्याचा पिंप ठेवून काम संपत नाही. आडोसा, दार आणि कडी असलेला संडास हा उष्माघातावरचा उपाय आहे. तसंच मजुरीचं. नगावर किंवा फेरीवर पैसे मिळणाऱ्याला विश्रांती म्हणजे कमाईतली कपात. घरोघर पार्सल पोचवणारी मुलं दुपारी दोनला सावलीत थांबत नाहीत, कारण थांबण्याचे पैसे कुणी देत नाही. विश्रांतीची मिनिटं मजुरीत धरली तरच ती घेतली जातील.

कामाची वेळ बदलता येत नाही, ही सबब मला पटत नाही. स्लॅब एकदा भरायला घेतला की मधे थांबवता येत नाही, हे खरं. मग तो पहाटे चारला सुरू करा. काँक्रीटच्या कामात हे सर्वांना ठाऊक आहे. हवा 40 च्या वर गेली की काँक्रीट ओतताना वेगळी काळजी घ्यावी, असं भारतीय मानकच सांगतं. पाणी थंड वापरतात, खडी झाकतात, नंतर ओली पोती टाकतात. ज्या दिवशी काँक्रीटसाठी हे सगळं होतं, त्या दिवशी ते ओतणाऱ्या माणसांसाठीही सावली उभी राहायलाच हवी. बारा ते तीन-साडेतीन उन्हातलं काम बंद, प्रत्येकाबरोबर एक जोडीदार, आणि दोघांनी एकमेकांवर लक्ष ठेवायचं. लक्ष ठेवणारा दुसराच लागतो, कारण ऊन डोक्यात चढलेल्या माणसाला आपलं काही बिघडलंय हे सांगता येत नाही.

वयस्करांचं प्रकरण वेगळं आहे. ते बहुतेक उन्हात नसतात, घरात असतात, आणि घरातच जातात. वयाबरोबर तहानेची जाणीव बोथट होते, घाम कमी येतो, हृदयाला त्वचेकडे जास्त रक्त ढकलणं जड जातं. त्यात गोळ्या. रक्तदाबासाठी किंवा पायाच्या सुजेसाठी दिलेली लघवी वाढवणारी गोळी अंगातलं पाणी कमी करते. काही गोळ्या हृदयाचे ठोके वाढू देत नाहीत. सर्दीच्या काही जुन्या गोळ्या, लघवीच्या तक्रारीवरच्या आणि मानसिक आजारांवरच्या काही गोळ्या घाम कमी करतात. त्या स्वतःहून बंद करू नका. एप्रिल लागण्याआधी सगळी पाकिटं पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या आणि विचारा: उन्हाळ्यात यातल्या कशाचं प्रमाण बदलायचं, आणि पाणी किती चालेल? हृदय किंवा मूत्रपिंड कमजोर असलेल्याला 'भरपूर पाणी प्या' हा सरसकट सल्ला महागात पडू शकतो.

घरात रात्र महत्त्वाची. दिवसभर सोसलेलं शरीर रात्रीच्या गारव्यात सावरतं. पत्र्याच्या छताखाली किंवा वरच्या मजल्यावर स्लॅब रात्री बारापर्यंत उष्णता सोडत असतो, तिथे हा गारवा मिळतच नाही. हवामान विभाग याला 'उष्ण रात्र' म्हणून वेगळं मोजतो: दिवसाचं तापमान 40 च्या वर आणि रात्रीचं सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त. बातम्यांत दिवसाचा आकडा मोठ्या अक्षरात येतो, रात्रीचा शेवटच्या ओळीत. घरी म्हातारं माणूस असेल तर शेवटची ओळ आधी वाचा. दिवसा खिडक्या बंद, पडदे ओढलेले. बाहेर गार झालं की सगळं उघडायचं. झोपायची जागा खालच्या मजल्यावर किंवा सगळ्यात कमी तापणाऱ्या खोलीत हलवा.

पंख्यावर फार भिस्त नको. हवा 38–39 च्या वर गेली आणि अंग कोरडं असेल, तर पंखा गरम वारा अंगावर मारतो आणि वयस्कराला आणखी तापवतो. अंग ओलं केलं तर तोच पंखा कामाचा: हातपाय, मान, चेहरा ओल्या फडक्याने पुसत राहायचं, पातळ सुती कपडा ओला करून घालायचा. वाळ्याच्या ताट्यांचा कुलर विदर्भात आणि मराठवाड्यात छान चालतो, कारण हवा कोरडी आहे. तो कोकणात किंवा मुंबईत लावला तर खोलीतली आर्द्रताच वाढते. आणि एकट्या राहणाऱ्याकडे दिवसातून दोनदा कुणीतरी प्रत्यक्ष जायला हवं. फोनवर सगळे "मी बरा आहे" म्हणतात. समोर गेल्यावर कळतं की माठातलं पाणी सकाळपासून तेवढंच आहे, लघवी गडद झालीय, आणि बोलण्यात कालचा-आजचा गोंधळ होतोय.

हा गोंधळ ही सगळ्यात महत्त्वाची खूण आहे. पायात गोळे, मळमळ, डोकेदुखी, गरगरणं इथवर सावली, पाणी आणि आडवं होणं पुरतं. माणूस असंबद्ध बोलायला लागला, झोकांड्या द्यायला लागला, चिडला, बेशुद्ध झाला, की तो उष्माघात. शरीराचं तापमान 40 च्या पुढे गेलेलं असतं. त्वचा कोरडी पडायलाच हवी असं नाही, कष्ट करणारा घामाने भिजलेला असतानाही हे होतं. 108 ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत हातावर हात ठेवून बसू नका. सावलीत ओढा, कपडे सैल करा, मिळेल तेवढं पाणी अंगावर ओता, वारा घाला, बर्फ असेल तर मानेला, काखेत, जांघेत ठेवा. पाण्याच्या हौदात मानेपर्यंत बसवता आलं तर त्याहून चांगलं. फक्त डोकं धरून ठेवा. तापाची गोळी देऊ नका, या तापावर तिचा उपयोग नाही. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जातं. पहिल्या अर्ध्या तासात शरीर 39 च्या खाली आणता आलं तर मेंदू, यकृत आणि मूत्रपिंड वाचण्याची शक्यता खूप वाढते. हा अर्धा तास बहुतेक वेळा रुग्णालयाच्या वाटेवर संपतो, म्हणून अंगावर पाणी कामाच्या जागीच पडायला हवं, आणि गाडीत बसवल्यावरही पडत राहायला हवं.